कांदा-लसूण मसाल्याचे 14 टन : वाढीच्या चार चौकटी आणि कऱ्हाडजवळचा एक कारखाना

कऱ्हाडजवळच्या एका कुटुंबाचा कांदा-लसूण मसाल्याचा व्यवसाय 22 वर्षांचा आहे. नाव देत नाही, आणि ओळख पटू नये म्हणून आकडे थोडे गोल केले आहेत. घरातले काका खरेदी आणि बँक पाहतात, भाजणे आणि चव काकूंच्या हातात, आणि पुण्यात एमबीए करून आलेला मुलगा दोन वर्षांपासून विक्री सांभाळतो. मी त्यांचे हिशेब पाहतो. मागच्याच्या मागच्या दिवाळीनंतर मुलाने एक कागद माझ्यासमोर ठेवला. त्यावर चार चौकटी आखलेल्या होत्या आणि प्रत्येकीत एकेक बेत लिहिलेला होता. "तीन वर्षांत सहा कोटी करायचेत. यातली कोणती चौकट धरू ते सांगा," असं त्याचं म्हणणं.

चौकटी ओळखीच्याच होत्या. इगोर अन्सॉफ यांनी 1957 साली एका व्यवस्थापनविषयक नियतकालिकात ही मांडणी केली. एका बाजूला उत्पादन जुनं की नवं, दुसऱ्या बाजूला बाजार जुना की नवा. जुना माल जुन्याच बाजारात जास्त विकणं ही पहिली वाट. तोच माल नव्या बाजारात नेणं ही दुसरी. जुन्या गिऱ्हाइकाला नवा माल देणं ही तिसरी. मालही नवा आणि गिऱ्हाईकही नवं, ही चौथी. चौथीला त्यांनी सुरुवातीपासूनच बाकी तिघींहून वेगळं धरलं होतं, कारण तिथे कौशल्य, पद्धत, यंत्रं सगळंच नवं लागतं.

मुलाच्या कागदावर पहिल्या चौकटीत "सातारा-सांगली-कोल्हापूर, जाहिरात वाढवणे" असं होतं. दुसरीत पुणे आणि नवी मुंबई. तिसरीत शेंगदाणा, जवस आणि कारळ्याच्या कोरड्या चटण्या. चौथीत तयार रश्श्याची सीलबंद पाकिटं, ज्यासाठी 60 लाखांचं यंत्र लागणार होतं. चौथीबद्दल फार लिहीत नाही. ज्या घराला वर्षाला करापूर्वी सुमारे 28 लाख उरतात, त्याने न शिकलेल्या कामासाठी 60 लाखांचं कर्ज काढू नये, हे मी पहिल्याच बैठकीत सांगितलं आणि काकांनी मान डोलावली. खरा प्रश्न उरलेल्या तिघींचा होता.

आधी किलोत मोजा

विक्री तीन वर्षांत 3.09 कोटींवरून 3.60 कोटींवर गेली होती, म्हणजे 16 टक्क्यांहून जास्त. मुलाला हा आधार वाटत होता. मी बिलांवरून किलो काढायला सांगितले. तीन वर्षांपूर्वी 91 टन, मग 90, आणि आता 90. भाव किलोला 340 वरून 400 रुपयांवर गेला होता आणि वाढ होती ती एवढीच. माल एक किलोनेही जास्त खपत नव्हता. लहान व्यवसायात हे फार वेळा दिसतं. मिरची महागते, भाव चढतो, उलाढाल फुगते आणि बाजार जागच्या जागी थांबलाय हे कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून चौकटी आखण्याआधी रुपये बाजूला ठेवावेत आणि नग किंवा किलो मोजावेत.

दुसरा आकडा बँकेचा. हा मसाला वर्षभर विकला जातो, पण त्याची मिरची फेब्रुवारी ते एप्रिलमध्येच घ्यावी लागते. ब्याडगी बाजारातून रंगासाठी ब्याडगी, तिखटासाठी संकेश्वरी आणि थोडी लवंगी. ती घेऊन शीतगृहात ठेवायची. पावसाळ्यात मिरची शोधत फिरलं तर भाव चढलेला असतो आणि मालात ओल असते. एक किलो मसाल्याला साधारण अर्धा किलो मिरची लागते. 90 टनांना 45 टन, सरासरी 200 रुपयांनी 90 लाख. यातले 34 लाख घरचे आणि 56 लाख बँकेच्या कॅश क्रेडिटमधून, म्हणजे मर्यादेपर्यंत लागेल तेवढे काढता येणाऱ्या कर्जखात्यातून. मर्यादा 70 लाखांची. म्हणजे एप्रिलच्या शेवटी हातात 14 लाख उरतात. 14 लाखांत 7 टन मिरची येते आणि 7 टन मिरचीतून 14 टन मसाला होतो.

या आकड्याने प्रश्नच बदलला. मसाला कुटायचा डंक आणि भट्टी एका पाळीत 150 टनांपर्यंत माल काढू शकतात, म्हणून मुलगा 60 टनांची मोकळी जागा धरून चालला होता. प्रत्यक्षात येत्या हंगामात फक्त 14 टन जास्तीचा मसाला करणं शक्य होतं. मग कोणती चौकट चांगली, या विचारात वेळ घालवण्याऐवजी एवढंच पाहायचं होतं की हे 14 टन कुणाला विकले तर सगळ्यात जास्त सुटेल आणि पुढच्या वर्षी बँक मर्यादा वाढवून देईल.

पहिली चौकट : टेम्पोतून दिसलेला बाजार

दुकानांना माल पोचवायच्या चार लाईनी आहेत, प्रत्येक लाईनवर एक टेम्पो आणि एक सेल्समन. वर्षभरात एकदा तरी बिल झालेली दुकानं 1,180 निघाली. गेल्या 60 दिवसांत बिल झालेली फक्त 640. उरलेल्या 540 दुकानांत माल जातो असं घरात सगळे धरून चालले होते.

त्यातल्या 40 दुकानांत आम्ही दोघं गेलो. 23 जण म्हणाले, गाडीच येत नाही. सेल्समन मोठ्या गावांत आणि बाजाराच्या दिवशी महिन्याचं लक्ष्य पुरं करतात आणि आडवाटेची गावं सोडून देतात. नऊ दुकानांत भांडण जुन्या मालाचं होतं. मुदत संपत आलेली पाकिटं परत घेतो म्हणून सांगितलं आणि घेतली नाहीत. एका दुकानदाराने फळीमागून पाव किलोची अकरा पाकिटं काढून दाखवली. कांद्यातलं तेल पाकिटाच्या कडांना सुटून कागदी लेबल पारदर्शक झालं होतं. शुद्ध मिरचीपूड वर्षभर टिकते, पण तळलेला कांदा आणि खोबरं असलेला मसाला खवट होतो. हा माल फिरला नाही तर फक्त पैसे अडकत नाहीत, तो फळीवर बसून दुकानदाराच्या मनातून उतरतो.

उरलेल्या आठ दुकानांनी जे सांगितलं ते जास्त मोलाचं होतं. त्या गावांत लोक मसाला विकतच घेत नाहीत. उन्हाळ्यात वर्षाची चटणी घरोघरी कुटतात, डंकावर रांग लागते आणि डबे भरले जातात. आमच्याकडे कांदा-लसूण मसाल्याला चटणीच म्हणतात. त्या घरात विकतचं पाकीट शिरतं ते डबा संपल्यावर, बहुधा दिवाळीनंतर. स्पर्धा दुसऱ्या ब्रँडशी नाही, घरातल्या डब्याशी आहे. जाहिरातीने तो डबा उठत नाही. या चौकटीला हीच हद्द आहे आणि ती कुठल्याही तक्त्यात दिसत नाही.

तरी 23 दुकानांचं दुखणं बरं होण्यासारखं होतं. चालू दुकान वर्षाला सरासरी 100 किलो घेतं. बंद पडलेल्यांतली 200 दुकानं त्याच्या निम्म्यावर आली तरी 10 टन होतात. माल, पॅकिंग धरून किलोला 280 रुपये खर्च, विक्री 400, म्हणजे किलोमागे 120 रुपये सुटतात. आणि नवा टेम्पो नको, लाईनी फिरवून आखायच्या.

दुसरी चौकट : पुणे खरंच नवा बाजार आहे का?

मुलाच्या दृष्टीने पुणे आणि नवी मुंबई हा नवा बाजार. काकूंकडे मात्र एक शंभर पानी वही आहे. तीत भोसरी, पिंपरी, घणसोली, कामोठे, डोंबिवली इथले 310 पत्ते आहेत. गावाकडून गेलेली घरं, कुणी माथाडी, कुणी कंपनीत. ट्रॅव्हल्सच्या गाडीतून पार्सल जातं. वर्षाला जवळजवळ दोन टन. एकही रुपया जाहिरात नाही.

मला इथे अन्सॉफच्या मांडणीची खरी परीक्षा दिसली. अंतर 160 किलोमीटर आहे म्हणून बाजार नवा होत नाही. भोसरीत राहणाऱ्या पाटण तालुक्यातल्या बाईला हा मसाला कसा वापरायचा हे शिकवावं लागत नाही. शहरात तिला उन्हाळ्यात कुटायला डंक नाही आणि वाळवायला अंगण नाही. म्हणजे गावाकडे आमची सगळ्यात मोठी अडचण असलेला घरचा डबा तिथे नाहीच. गिऱ्हाईक जुनंच आहे. नवी आहे ती त्याच्यापर्यंत जाण्याची वाट.

आणि वाट महाग आहे. पाकिटावर किलोला 500 रुपये एमआरपी. दुकानदाराला जीएसटीसह 420 ला दिलं की त्याला 80 रुपये मिळतात. पुण्यात मध्ये वितरक येतो. त्याला आठ टक्के दिले की आमच्या हाती कर वजा जाता 370 उरतात. भाडं 6 रुपये आणि सुरुवातीच्या योजना-नमुन्यांचे 10 रुपये काढले की 354. खर्च 280. सुटले 74. त्यावर 45 दिवसांची उधारी आणि वितरकाच्या मागे लागायला एक माणूस, वर्षाला तीन लाख. पुण्यासाठी एमआरपी वाढवू, असं मुलगा म्हणाला. तेच पाकीट दोन भावांनी छापणं कायद्यात बसत नाही, आणि पाकिटं गणपतीला पुण्याहून गावाकडे येतातच. दुकानदार दुसऱ्या दिवशी विचारतो.

14 टनांतला एक किलो पुण्यात गेला तर 74 रुपये, घराजवळ गेला तर 120. म्हणून पुणे वाईट नाही, पण पैसा अपुरा असताना पहिलं नाही.

तिसरी चौकट : जी तिसरी नव्हतीच

कोरड्या चटण्यांच्या बाजूने मुलाचा एक मुद्दा अगदी खरा होता. शेंगदाणा आणि जवस महिन्याच्या महिन्याला घेता येतात. मिरचीसारखे 90 लाख अडकत नाहीत. बँकेची मर्यादा आड येत नाही. म्हणून आम्ही 200 किलो माल करून 60 दुकानांत ठेवला.

साठही दुकानांनी घेतला आणि मुलगा खूश झाला. पहिली ऑर्डर ही सेल्समनच्या ओळखीची असते. तिच्यावरून काही ठरवू नये, दुसरी ऑर्डर पाहावी, हे मी तेव्हाच सांगितलं. महिन्याभरात दुसऱ्यांदा मागितला तो 14 दुकानांनी. दहा आठवड्यांनी 38 किलो परत आला. पाकीट फोडलं की खवट वास. दाण्याचं तेल साध्या पाकिटात तेवढंच तग धरतं. चांगलं पाकीट वापरायचं तर किंमत वाढते.

शिवाय नावाचा घोळ. "चटणी तर आहेच की माझ्याकडे," असं दुकानदार म्हणायचा आणि मसाल्याच्या पाकिटाकडे बोट दाखवायचा. घेणारं गिऱ्हाईकही वेगळं निघालं. ही चटणी घेत होते ते एसटी स्टँडजवळचे विद्यार्थी आणि खोलीवर राहणारे. गावातल्या घरांत ती घरीच होते. म्हणजे माल नवा, गिऱ्हाईक नवं, टिकवण्याची पद्धत नवी. कागदावर तिसऱ्या चौकटीत लिहिलेला बेत प्रत्यक्षात चौथीत होता. एकाच दुकानात विकला जातो एवढ्यावरून बाजार जुना ठरत नाही. त्यातून शेंगदाणा मसाल्याच्याच यंत्रावर दळला तर मसाल्याच्या पाकिटावरही ॲलर्जी असणाऱ्यांसाठी शेंगदाण्याची सूचना देण्याचा प्रश्न येतो. काकूंनी तिथेच थांबवलं. त्यांच्या भट्टीजवळ त्यांना दुसरा वास नको होता.

नजरेसमोरचं नवं गिऱ्हाईक

टेम्पोत बसून फिरताना महामार्गालगतच्या एका ढाब्यावर जेवलो. मालकाने सेल्समनला हटकलं, "पाव किलोची पाकिटं फोडून फोडून हात दुखतो. मोठी पिशवी का देत नाही?" तो दर आठवड्याला शेजारच्या किराणा दुकानातून आमचाच मसाला एमआरपीने घेत होता. आमच्या वहीत तो कुठेच नव्हता, कारण बिल दुकानाच्या नावावर होतं.

ढाबे, खानावळी, मिसळीची दुकानं यांना मसाला रोज लागतो. घरी कुटत बसत नाहीत आणि उन्हाळ्यातही खप पडत नाही. गाव तेच, माल जवळजवळ तोच, गिऱ्हाईक नवं. ही दुसरी चौकट होती, आणि ती पुण्यात नव्हती, आमच्याच लाईनवर होती. पाच किलोच्या साध्या पिशवीत पॅकिंगचा खर्च किलोला 30 वरून 12 वर येतो. म्हणजे खर्च 262. भाव 350 ठेवला तर 88 सुटतात. टेम्पो तोच, सेल्समन तोच.

18 ठिकाणी माल देऊन पाहिला. पाचांनी सोडला, 13 टिकले. सोडणाऱ्यांची तक्रार कामाची होती. मोठ्या पातेल्यात तेल कडक तापवून मसाला टाकला की कांदा लगेच करपतो आणि तर्रीला कडवट चव येते. घरच्या फोडणीत असं होत नाही, तिथे तेलही कमी आणि वेळही कमी. काकूंनी कांदा कमी केला, ब्याडगीचं प्रमाण वाढवलं आणि स्वतः दोन ढाब्यांच्या स्वयंपाकघरात उभं राहून पाहिलं. रंग वर आला, करपणं थांबलं. थोडं नवं उत्पादन करावं लागलंच. पण भट्टी तीच, मिरची तीच आणि हात तोच, म्हणून ही पायरी पेलण्यासारखी होती.

दोन धोके लगेच दिसले. एका दुकानदाराने हॉटेलची पिशवी घेऊन सुटा मसाला विकायला सुरुवात केली. कमी कांद्याचा तो मसाला घरी नेलेल्या बाईने "आता चव बदलली" असं गावभर सांगितलं. त्यानंतर पिशवीवर "फक्त हॉटेलसाठी" छापलं आणि बिल हॉटेलच्या नावानेच करायचं ठरलं. दुसरा धोका उधारीचा. ढाबा एका रात्रीत बंद होतो आणि मालक सापडत नाही. म्हणून 21 दिवसांपुढे बाकी गेली की माल बंद. हा नियम माल सुरू करतानाच तोंडावर सांगायचा, नंतर नाही.

ठरलं ते आणि झालं ते

जानेवारीच्या शेवटी आम्ही चौघं पुन्हा बसलो. 14 टन असे वाटले: सात टन बंद दुकानं उठवायला आणि सात टन हॉटेलांना. दुकानांसाठी मुलाने 10 टनांचा हिशेब केला होता. मी सात धरायला लावले, कारण घरच्या डब्याची हद्द आम्ही डोळ्यांनी पाहिली होती. चटण्या बंद. पुण्याला वितरक नेमायचा नाही, पण काकूंची वही मोबाइलवर घ्यायची, पार्सलचं भाडं गिऱ्हाइकाने द्यायचं आणि पैसे आगाऊ. मुलाने एक अट घातली आणि ती रास्त होती. सप्टेंबरअखेर कमीत कमी 30 हॉटेलं महिन्याला दुसऱ्यांदा माल मागत नसतील तर उरलेला माल पुण्याला न्यायचा. आधी ठरवलेली अशी अट नसेल तर प्रत्येकजण आपापल्या आवडत्या चौकटीला आणखी एक महिना मागत राहतो.

लाईनी नव्याने आखल्या. प्रत्येक गावात 15 दिवसांतून एकदा गाडी गेलीच पाहिजे, आणि सेल्समनचा बोनस किलोवर न देता त्या पंधरवड्यात बिल झालेल्या दुकानांच्या संख्येवर. हा बदल त्यांना आवडला नाही. एकाने काम सोडलं. जुना माल मात्र निमूट परत घेतला, त्यात सुमारे 60 हजार गेले.

वर्षअखेर 200 दुकानांच्या जागी 130 उठली आणि त्यांनी जवळजवळ सहा टन घेतलं. हॉटेलं 44 टिकली, साडेसहा टन. एकूण 102 टनांच्या पुढे. पुण्याची पार्सलं दोनवरून साधारण अडीच टन झाली, काही न करता. तीन ढाबे बंद पडले आणि 41 हजार बुडाले. एक मदतनीस, जास्तीचं डिझेल, बुडीत उधारी आणि परत घेतलेला माल वजा जाता नऊ लाखांच्या आसपास वाढ दिसते. सहा कोटींपासून हे घर अजून लांब आहे आणि तीन वर्षांत ते होणार नाही, हे मुलालाही आता मान्य आहे.

बँकेने यंदा मर्यादा 70 वरून 85 लाख केली. मॅनेजरने विचारलं ते उलाढालीबद्दल नाही, किलोबद्दल, कारण आम्ही कागद तसाच नेला होता. परवा काका ब्याडगीला निघाले तेव्हा चर्चा पुण्याची झाली. वहीत आता 390 पत्ते आहेत आणि त्यातले 140 भोसरी-दिघी-चऱ्होली या एकाच पट्ट्यातले. सबंध पुण्यासाठी वितरक न नेमता त्या पट्ट्यात दर दुसऱ्या रविवारी आपलाच टेम्पो पाठवायचा, असं मुलाने सुचवलं. वितरकाचे आठ टक्के वाचतात, भाडं वाढतं. चार टन मसाल्याला पुरेल एवढी दोन टन मिरची काकांनी जास्तीची घ्यायची ठरली आहे, आणि पहिल्या फेरीत कुणाला फोन करायचे ती नावं काकू काढत आहेत.